शून्यांच्या मागची किंमत

व्यवस्थापनशास्त्राच्या परीक्षेत नेमणुकीचं गणित बहुतेकदा येतंच. इतकी माणसं, इतकी कामं, प्रत्येकाला प्रत्येक कामाचा खर्च वेगळा. एकेकाला एकेक काम देऊन एकूण खर्च कमीत कमी करा. विद्यार्थी हंगेरियन पद्धतीच्या पायऱ्या पाठ करून येतात आणि पाच-सात मिनिटांत उत्तर काढून मोकळे होतात. त्यातली एक पायरी मात्र जवळजवळ कोणालाच सांगितली जात नाही, म्हणजे ती का करायची हे. सगळी कल्पना खरं तर त्या एका पायरीत आहे, आणि ती घडायला दोन देश, दोन भाषा आणि बावीस-चोवीस वर्षं लागली.

१९५० साली रॉबर्ट थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न माणसांच्या निवडीच्या अंगाने मांडला आणि जाता जाता एक तक्रार नोंदवली. एका गणितज्ञापुढे त्याने प्रश्न ठेवला, तर उत्तर आलं की यात प्रश्नच नाही. वाटण्या मोजक्या आहेत, सगळ्या तपासा आणि सर्वांत स्वस्त निवडा. दहा माणसं आणि दहा कामं असली तर या ‘मोजक्या’ वाटण्या ३६ लाख २८ हजार ८०० होतात. गणितज्ञाचं चुकलं नव्हतं, पण ते कुणाच्या कामाचंही नव्हतं.

याचं उत्तर तोवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलं गेलं होतं, हंगेरियनमध्ये. १९३१ साली बुडापेस्टच्या देनेश केनिग यांनी एक साधं दिसणारं प्रमेय सिद्ध केलं. तक्त्यात काही घरांवर खुणा केल्या आहेत असं समजा. एका ओळीत एक आणि एका रकान्यात एक, असा नियम पाळून जास्तीत जास्त जितक्या खुणा निवडता येतात, नेमक्या तितक्याच रेघांनी सगळ्या खुणा झाकता येतात. कमी रेघांत जमत नाही. त्याच वर्षी येनो एगेरवारी यांनी खुणांच्या जागी आकडे ठेवले. प्रत्येक ओळीला आणि प्रत्येक रकान्याला एकेक किंमत द्यायची आणि घराच्या आकड्याची तुलना त्या दोन किमतींच्या बेरजेशी करायची, ही त्यांची चाल.

हॅरॉल्ड कून हे अमेरिकी गणितज्ञ १९५३ मध्ये केनिगचं १९३६ सालचं जर्मन पुस्तक वाचत होते. एका तळटीपेत एगेरवारींच्या लेखाचा उल्लेख सापडला. लेख हंगेरियनमध्ये, आणि कूनना ती भाषा येत नव्हती. त्यांनी ग्रंथालयातून हंगेरियन व्याकरण आणि शब्दकोश आणला आणि लेखाचं स्वतःच भाषांतर केलं. १९५५ साली त्यांचा निबंध छापून आला. पद्धतीला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, त्या दोघांच्या देशाचं दिलं. संशोधनाच्या जगात इतका सरळपणा फार वेळा दिसत नाही.

आता उदाहरण. एका कंत्राटदाराकडे रंगकामाच्या तीन टोळ्या आहेत, अ, ब आणि क. इमारतीही तीन. खर्च हजार रुपयांत.

```
       १   २   ३
अ      ८   ४   ७
ब      ५   २   ३
क      ९   ४   ८
```

सहज बुद्धी सर्वांत स्वस्त घर पकडते: ब टोळी दुसऱ्या इमारतीवर, दोन हजारांत. पण मग उरलेल्या दोघींना कसंही वाटलं तरी सोळा हजार लागतात आणि एकूण अठरा होतात.

त्याऐवजी प्रत्येक ओळीतला सर्वांत लहान आकडा त्या ओळीतून वजा करा: ४, २ आणि ४. अ टोळी कुठेही गेली तरी निदान चार हजार लागणारच. मग ते चार बाजूला काढून ठेवले, तर वाटण्यांमधली चढाओढ तशीच राहते. नंतर तेच रकान्यांना: ३, ० आणि १. दहा आणि चार मिळून चौदा हजार बाजूला निघाले. म्हणजे कोणतीही वाटणी चौदापेक्षा स्वस्त असूच शकत नाही. उरलेला तक्ता असा:

```
       १   २   ३
अ      १   ०   २
ब      ०   ०   ०
क      २   ०   ३
```

सगळी नेमणूक शून्यांवर बसली असती तर काम संपलं असतं. पण अ आणि क दोघींचं एकुलतं शून्य दुसऱ्याच इमारतीत आहे. शून्यं झाकायला दोन रेघा पुरतात, ब ओळीवर एक आणि दुसऱ्या रकान्यावर एक. इथे हमखास घोटाळा होतो. घाईत विद्यार्थी तिन्ही ओळींवर आडव्या रेघा मारतो, तीन रेघा म्हणजे उत्तर आलं असं समजतो आणि नेमणूक करायला गेला की अडकतो. रेघा कमीत कमी हव्यात, ही अट केनिगच्या प्रमेयातून आली आहे. तीन रेघा मारूनही नेमणूक बसत नसेल तर एखादी रेघ जास्त पडली आहे हे नक्की.

आता ती न सांगितलेली पायरी. न झाकलेल्या घरांतला लहान आकडा १. तो न झाकलेल्या घरांतून वजा करा आणि दोन रेघा छेदतात तिथे मिळवा. मिळवायचा का? कारण वजाबाकी घरांतून होतच नाही, किमतींतून होते. अ आणि क या न झाकलेल्या ओळींची किंमत एकेकाने वाढली, दुसऱ्या इमारतीची एकाने उतरली. त्या इमारतीसाठी दोन टोळ्या झगडत होत्या, म्हणून त्या रकान्यातली शून्यं तशीच राखायला तिथली किंमत खाली आणावी लागली. ब ओळीची किंमत मात्र हलली नाही, म्हणून दोन रेघांच्या छेदावर एक वाढला. दोन वाढले, एक उतरला. बाजूला काढलेली रक्कम चौदावरून पंधरा झाली.

```
       १   २   ३
अ      ०   ०   १
ब      ०   १   ०
क      १   ०   २
```

क दुसऱ्या इमारतीवर, अ पहिल्या, ब तिसऱ्या. चार, आठ आणि तीन, पंधरा हजार. टोळ्यांच्या किमती ५, २, ५ आणि इमारतींच्या ३, उणे १, १. यांचीही बेरीज पंधरा. कोणतीही वाटणी पंधराच्या खाली जाणार नाही हे किमती सांगतात आणि पंधराला पोचणारी वाटणी समोर आहे. बाकीच्या पाच वाटण्या तपासायची गरज उरत नाही. परीक्षेत उत्तर तपासायचं असेल तर हीच बेरीज करावी. पण पाठ्यपुस्तकं किमती वहीत ठेवायलाच सांगत नाहीत. आकडे खोडून नवे लिहिले की पुरावाही पुसला जातो.

कूनच्या पद्धतीत किती पावलं लागतील याचा हिशेब १९५७ मध्ये जेम्स मंक्रेस यांनी मांडला: वाढ आकाराच्या चौथ्या घाताने, आणि पुढे सुधारणांनी तिसऱ्या. थॉर्नडाइकच्या लाखो वाटण्या त्यात कुठेच मोजाव्या लागत नाहीत. कथेला नंतर एक शेपूट फुटलं. १८५१ साली वारलेल्या याकोबी या जर्मन गणितज्ञाच्या, मरणोत्तर छापलेल्या एका लॅटिन लेखात, विकलक समीकरणांच्या निमित्ताने, हीच पद्धत सापडली. हे ध्यानात आलं ते एकविसाव्या शतकात, आणि कूननी ते हयातीतच मोकळेपणाने मान्य केलं.

किमतींची ही चाल एका अटीवर चालते: घराचा आकडा फक्त त्या टोळीवर आणि त्या इमारतीवर अवलंबून हवा. अ आणि ब मध्ये एकच परांची असेल, तर अ चा खर्च ब कुठे आहे त्यावर ठरतो. मग ओळीला किंमत लावून भागत नाही, कारण किंमत जोडीची असते. १९५७ मध्येच कूपमन्स आणि बेकमन यांनी हा प्रश्न कारखान्यांच्या जागांसाठी मांडला. तीस जागांचं असं एक प्रसिद्ध कोडं १९६८ पासून पडून होतं. ते २००० साली सुटलं, तेही शेकडो संगणक सुमारे आठवडाभर राबवून. तीस टोळ्या आणि तीस इमारतींचं साधं नेमणुकीचं गणित आज घरचा संगणक सेकंदही न घेता सोडवतो.