पोल आत आहे, म्हणून तू झोपलास

तुझा अहवाल वाचला. बाहेरून नीटनेटका आहे, आकृत्या सुबक आहेत, आणि शेवटचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सरोजिनी नगरच्या बाबू मार्केटच्या गल्लीत ध्वनिमापक लावलास, इथपर्यंत ठीक. पण 'सोमवारी बाजार बंद असताना गल्ली शनिवारच्या रात्रीपेक्षा 6 डेसिबल शांत असते' हे तू छातीठोकपणे लिहिलंस. यंत्र तपासायला सांगितलं, तर माइक हलक्या प्रतीचा आहे म्हणालास. नाचता येईना अंगण वाकडं! माइकचा यात काडीचा संबंध नाही. ते 6 डेसिबल गल्लीत नाहीत, तुझ्या एका ओळीच्या कोडमध्ये आहेत.

ती ओळ ही:

```c
y = y + ((x - y) >> 4);
```

यात `x` म्हणजे सेकंदाला 16 वेळा येणारा ध्वनी-ऊर्जेचा आकडा आणि `y` म्हणजे गुळगुळीत केलेलं वाचन. मागच्या उत्तराचे 15/16 आणि नव्या आकड्याचा 1/16 घ्यायचा, असा हा पहिल्या क्रमाचा रिकर्सिव्ह फिल्टर. त्याचा कालांक जवळपास 1 सेकंद येतो, म्हणजे ध्वनिमापकातला 'स्लो' प्रतिसाद. ही निवड बरोबर आहे. पोल 15/16 वर, युनिट सर्कलच्या आत, म्हणून फिल्टर स्थिर, हेही तू लिहिलंस. आणि तिथेच तू विचार करणं थांबवलंस.

मी माइक काढून ठेवला आणि `x` ला कायम 20 हा आकडा दिला. यंत्र शून्यावरून सुरू केलं. `y` चढला: 1, 2, 3, 4, 5. मग थांबला. तासभर ठेवला असता तरी 5 च राहिला असता, कारण आता फरक 15 आहे आणि 15 चार बिटं उजवीकडे सरकवले की शून्य उरतं. मग `y` ला 100 वर नेऊन सोडलं. तो उतरत उतरत बरोबर 20 वर येऊन थांबला, कारण उणे संख्या उजवीकडे सरकवताना तुझा कंपायलर खालच्या पूर्णांकाकडे झुकतो आणि उणे 1 चंही उणे 1 च ठेवतो. आवाज तोच, यंत्र तेच. चढताना वाचन 5, उतरताना 20. ऊर्जेत चौपट फरक, म्हणजे 6 डेसिबल. शनिवारी रात्री दुकानं मिटत असताना तुझं यंत्र वरून खाली आलं. सोमवारी सकाळी तू ते शून्यावरून चालू केलंस. तुझा सगळा 'निष्कर्ष' एवढाच आहे.

व्यापारी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत दिवसाची मर्यादा 65 डेसिबल आहे. मापकाच्या तळाशी 68 असताना 62 दाखवणारं यंत्र कोणाच्या हातात देणार होतास? गल्लीतला आवाज सतत थरथरतो, त्यामुळे तिथे चूक नेमकी 15 ची राहणार नाही, हे मला माहीत आहे. पण चढउतार पुरेसे मोठे असले तरी वाचन सरासरी साडेसात आकड्यांनी खालीच राहतं, कारण तुझं सरकवणं नेहमी एकाच बाजूने कापतं. थरथरीने चूक पसरते, जात नाही.

आता तू म्हणशील, 'सर, मग राउंडिंग करतो.' सरकवण्याआधी 8 मिळव आणि बघ. खालून चढताना `y` 13 वर अडकतो, वरून उतरताना 28 वर. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना वाटली गेली, संपली नाही. 20 च्या आसपासच्या या पट्ट्यात फिल्टरला हलायला कारणच उरत नाही. याला डेड बँड म्हणतात. राउंडिंग असेल तर त्याची एका बाजूची रुंदी मोजायला एक साधं सूत्र आहे: अर्धा भागिले (1 वजा गुणकाचं निरपेक्ष मूल्य). तुझा गुणक 15/16, म्हणजे अर्धा भागिले एक-सोळांश, म्हणजे 8. आता हेच सूत्र नीट वाच. पोल जितका 1 च्या जवळ, तितका पट्टा रुंद. सेकंदाला 8000 नमुने घेऊन तोच 1 सेकंदाचा कालांक हवा असेल, तर सरकवावं लागेल 13 बिटं, आणि पट्टा होईल 4096 आकड्यांचा. नमुने वाढवले की अचूकता वाढते, असं तू अहवालात दोनदा लिहिलं आहेस. या ओळीत तरी नेमकं उलट घडतं.

इनपुट पूर्ण काढून घे, म्हणजे आजार उघडा दिसेल. समीकरण उरतं ते असं: मागचं उत्तर गुणिले 15/16, मग राउंडिंग. 12 वरून सुरू कर: 11, 10, 9, 8. पुढे 8 चे साडेसात होतात, ते पुन्हा 8 होतात, आणि झालं. कागदावरचं समीकरण शून्याकडे जातं, यंत्रातलं 8 वर बसतं. गुणक उणे 15/16 केलास तर ते बसतही नाही. 7 चे उणे 6.5625 होतात, राउंड होऊन उणे 7. पुढच्या नमुन्याला पुन्हा अधिक 7. आत काहीही येत नसताना बाहेर नमुना-वारंवारतेच्या निम्म्या वारंवारतेचा सूर वाजत राहतो. लिमिट सायकल ती हीच. वर 8 वर बसलेलं उत्तर हीसुद्धा एकाच पायरीची लिमिट सायकलच आहे. असं का होतं, हे एका वाक्यात पाठ कर. 8 बिटांत फक्त 256 अवस्था मावतात आणि इनपुट नसताना पुढची अवस्था आधीच्या अवस्थेवरूनच ठरते, म्हणून आज ना उद्या एखादी अवस्था परत येणारच, आणि तिथून पुढे तेच चक्र. ते चक्र शून्यावर संपतं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. 'पोल आत आहे' हे वाक्य त्याचं उत्तर देत नाही, कारण ते वाक्य राउंडिंग नसलेल्या समीकरणाबद्दल आहे आणि तुझ्या यंत्रात ते समीकरण चालतच नाही.

ही काही काल निघालेली गोष्ट नाही. ब्लॅकमन यांनी 1965 च्या पुस्तकात डेड बँडची चर्चा केली, आणि 1969 मध्ये जॅक्सन यांनी गुणाकाराच्या राउंडिंगमुळे होणाऱ्या लिमिट सायकलचं विश्लेषण मांडलं. अर्धशतक उलटून गेलं. लॅपटॉपवर फ्लोटमध्ये आलेख काढून तोच यंत्राचा आलेख म्हणून चिकटवणं याला आता अज्ञानाची सबब चालत नाही. हा आळस आहे.

दुसऱ्या आवृत्तीत तू सुधारणा केलीस, आणि दिशा योग्य पकडलीस. अपूर्णांकाची चार बिटं फेकण्याऐवजी साठवायची:

```c
int16_t acc;
acc = acc + x - (acc >> 4);
y = acc >> 4;
```

आता `acc >> 4` आणि `x` सारखे होईपर्यंत हे थांबत नाही. 20 दिले की चढतानाही 20 आणि उतरतानाही 20. इथे शाबासकी दिली असती, पण पहिली ओळ पुन्हा वाच. `int16_t`! साठवण 16 पट मोठी केलीस आणि भांडं तेवढंच ठेवलंस. 32767 ला 16 ने भागलं की 2047 येतात. `x` त्याच्या वर टिकला की संपलं. मी 2100 दिले. `acc` ला 33600 पर्यंत जायचं होतं. 32767 ओलांडताच तो उलटून उणे बत्तीस हजारांच्या घरात पडला, तिथून पुन्हा चढला, पुन्हा पडला. साधारण दर 4 सेकंदांनी एक करवतीचा दात. ऐन गर्दीच्या वेळी, फेरीवाल्यांचा आवाज टिपेला असताना, तुझ्या पडद्यावर उणे ऊर्जा दिसत होती. आणि तू काय केलंस? उणे वाचनं 'बिघाड' म्हणून तक्त्यातून खोडलीस. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला. ती वाचनंच तुला खरं सांगत होती.

एक मर्यादा लक्षात ठेव, नाहीतर उद्या भलताच निष्कर्ष काढशील. पहिल्या क्रमाच्या फिल्टरमधलं हे उलटणं इनपुट कमी झालं की थांबतं, कारण 1 पेक्षा लहान गुणकाने गुणलेली संख्या स्वतःहून मर्यादा ओलांडू शकत नाही. दुसऱ्या क्रमात ही सवलत नाही. मागच्या उत्तराला उणे 1.5 आणि त्यामागच्याला उणे 0.75 असे गुणक घे. पोल 0.866 त्रिज्येवर, पुस्तकाच्या हिशेबाने पक्का स्थिर. 8 बिटांत दोन्ही अवस्था 79 ठेव आणि इनपुट शून्य कर. बेरीज येते उणे 178, ती उलटून होते 78. पुढे 80, 78, 79, 79, आणि पुन्हा 78. पूर्ण पल्ल्याच्या साठ टक्क्यांवर तो कायमचा अडकला, आत काहीही नसताना. एबर्ट, माझो आणि टेलर यांनी 1969 मध्ये हेच दाखवलं, आणि दोन गुणकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज 1 पेक्षा कमी असेल तर हा धोका नाही, हेही दाखवलं. तुझ्या पुढच्या प्रकल्पात दुसऱ्या क्रमाचे फिल्टर आहेत. ही बेरीज काढल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

आता काय करायचं ते ऐक. `acc` 32 बिटांचा कर. जिथे रुंदी वाढवणं शक्यच नाही तिथे बेरीज उलटू न देता टोकावर धरून ठेव. तेव्हा वाचन 2047 वर चपटं होईल, चूक असेल, पण ती दिसेल आणि आवाज उतरला की सुटेल. मग यंत्रावर, लॅपटॉपवर नव्हे, तीन चाचण्या घे. स्थिर आकडा खालून आणि वरून देऊन दोन्ही उत्तरं जुळतात का, ते बघ. मोठा आकडा देऊन एकदम शून्य कर आणि वाचन शून्यावर जातं की मध्येच बसतं, ते बघ. सर्वांत मोठा संभाव्य आकडा पाच मिनिटं धरून ठेव आणि चिन्ह बदलतं का, ते बघ. खोडलेली वाचनं तक्त्यात परत घाल. सोमवारच्या शांततेबद्दलचं वाक्य काढून टाक आणि मोजमाप नव्याने घे. तोवर या अहवालावर माझी सही होणार नाही.