सोमवारपर्यंत

आमच्या पुतण्याला नोकरीच्या मुलाखतीआधी एका कंपनीनं घरी करायला काम दिलं. बँकेचं स्टेटमेंट आणि धंद्याची वही घेऊन दोन्हींतल्या नोंदी जुळवणारा प्रोग्रॅम लिहायचा. शिवाय लॉगिन, आलेख, मोबाइलवर चालणारं रूप, आणि सगळं सर्व्हरवर चढवून दाखवायचं. सोमवारपर्यंत! किती तास द्यायचे, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्यानं हिशेब केला, तो चोवीस तासांवर गेला. नुसत्या लॉगिनलाच पाच.

"मग विचार ना त्यांना," मी म्हटलं.

"काका, विचारलं तर वाटेल, याला जमत नाही."

आता गंमत पाहा. काउंटरवर कुणी 'दहा वर्षांचा उतारा द्या' म्हणालं, तर मी विचारतो, कुठल्या खात्याचा आणि कशासाठी? त्यावर मला कामचुकार कुणी म्हणत नाही. (इतर बरंच काही म्हणतात.) मोठं काम मुकाट्यानं उचलणारा कष्टाळू आणि माप विचारणारा आळशी, हे कुणी ठरवलं?

बरं, जुळवणी हेच मुळात पोटभर काम आहे. अठ्ठावीस तारखेला दिलेला चेक तीन तारखेला वटतो. बँकेनं कापलेले चार्जेस वहीत नसतात. तीन चेक एका स्लिपवर भरले की वहीत तीन आकडे आणि स्टेटमेंटमध्ये बेरीज! हे ज्याला सुटलं, त्याच्या आलेखाचा रंग कोण बघतो?

शेवटी काम हातात आलं त्याच संध्याकाळी त्यानं लिहिलं. रविवारी रात्री विचारणं म्हणजे सबब झाली असती. पत्र असं: "आपल्या अंदाजानं याला किती तास द्यावेत? मी जुळवणी आणि तिच्या चाचण्या पूर्ण करीन. लॉगिन, आलेख वगैरे कसं केलं असतं ते एका पानावर लिहीन. हे चालेल का? उत्तर न आल्यास असंच धरून सुरुवात करतो." शेवटचं वाक्य मला फार आवडलं. उत्तर येवो न येवो, काम अडत नाही.

उत्तर आलं. चार तास पुरेत, लॉगिन नको.

पण खरी पंचाईत पुढेच होती. चार तास झाले आणि ती तीन चेकची स्लिप काही जुळेना. त्यानं आणखी दोन तास घातले. आता 'लागलेला वेळ' या रकान्यात काय लिहायचं?

"बाकीचे तीन रात्री जागून चारच लिहिणार," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण सगळ्यांनी चार लिहिले, तर कंपनीला वाटणार चारात होतं, आणि पुढच्या पोराला आणखी मोठं काम मिळणार.

हे मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात मला आठवलं, गेल्या मार्चात कॅशमध्ये दोन रुपये कमी आले, तेव्हा मी खिशातून घालून सव्वासहाची लोकल पकडली होती. रजिस्टरमध्ये फरक: शून्य.

मी गप्प बसलो. त्यानं सहा लिहिले.