शेऱ्याचा रकाना

पाणीपुरवठा विभागातला एक कनिष्ठ अभियंता. नोकरीचं दुसरंच वर्ष. पंपखरेदीच्या निविदेची तांत्रिक पाकिटं उघडून झाली आहेत, चार कंपन्या रिंगणात आहेत आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचं काम त्याच्याकडे आलं आहे. दिवाळी तोंडावर असताना त्यातल्याच एका कंपनीचा माणूस संध्याकाळी त्याच्या घरी येतो. हातात सुक्या मेव्याचा डबा, आत मखमली पेटीत चांदीचं नाणं. "साहेब, कामाचं काही नाही हो. सणाचं म्हणून आणलंय, नाही म्हणू नका." आणि चहा पिता पिता सहज एक प्रश्न: "आपल्या फायलीचं कुठवर आलं?"

गोष्ट प्रातिनिधिक आहे. कोणत्याही निविदा विभागात काही वर्षं काढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. तिथे पहिला विचार येतो तो असा, की कनिष्ठ अभियंत्याच्या हातात असतं तरी काय? निर्णय समितीचा, सही कार्यकारी अभियंत्याची, आणि दर तर दुसऱ्या पाकिटात बंद. मग या नाण्याने कोणाचं काय बिघडणार?

बिघडतं ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या. निविदेत अट आहे की ताशी ५०० घनमीटर पाणी ४० मीटर उंचीवर चढवताना पंपाची कार्यक्षमता किमान ८० टक्के हवी. या कंपनीने अर्जात ८० टक्के लिहिलं आहे. पण सोबत जोडलेला पंपाचा आलेख नीट पाहिला, ५०० च्या आकड्यावरून उभी रेघ वर नेली, तर ती कार्यक्षमतेच्या वक्राला ७७ वर छेदते. ८० टक्के मिळतात ते बऱ्याच कमी प्रवाहाला. ही विसंगती वरचे साहेब शोधत बसत नाहीत. त्यांच्यासमोर तक्ता येतो आणि तक्त्यात 'अट पूर्ण' असं लिहिलेलं असतं. आलेखावर पट्टी ठेवून पाहणारा माणूस त्या साखळीत बहुधा एकच असतो.

या तीन टक्क्यांची किंमत काढता येते. एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला पाण्यालाच सुमारे ५४.५ किलोवॅट शक्ती द्यावी लागते. ८० टक्के कार्यक्षमतेला पंपाच्या दांड्यावर ६८ किलोवॅटच्या आसपास लागतात, ७७ टक्क्यांना जवळपास ७१. फरक अडीच किलोवॅटहून थोडा जास्त. पंप रोज २० तास चालला तर वर्षाला १९ हजारांवर युनिट, आणि युनिटला ८ रुपये धरले तर दीड लाख रुपये. पंप १५ वर्षं चालेल. म्हणजे एका पंपामागे २० लाखांहून अधिक, आणि ते पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या खिशातून. पुढे कोणत्याही लेखापरीक्षणात यावर भ्रष्टाचार म्हणून कोणी बोट ठेवील याची खात्री नाही, कारण कागदावर सगळं नियमानुसार झालेलं असतं.

"मी भेट घेतली तरी तक्ता प्रामाणिकच करीन," असं त्या अभियंत्याला मनापासून वाटू शकतं. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शिकाऊ डॉक्टरांना औषध कंपन्यांच्या भेटींबद्दल विचारलं होतं. आपल्यावर त्यांचा परिणाम होत नाही, असं ६१ टक्के म्हणाले. इतर डॉक्टरांवरही होत नाही, असं मानणारे मात्र १६ टक्केच निघाले. स्वतःबद्दलचा हा विश्वास माणूस खोटेपणाने बाळगत नाही. म्हणूनच 'मी माझ्या मनाला ओळखतो' हा पुरावा धरता येत नाही.

मोठ्या पदांवरही हेच दिसतं. डार्लीन ड्र्युन या अमेरिकी हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या अत्यंत वरिष्ठ अधिकारी. बोइंगच्या इंधनवाहू विमानांचा अब्जावधी डॉलरचा व्यवहार त्या पाहत होत्या आणि त्याच काळात बोइंगमध्येच स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होत्या. त्यांच्या मुलीला आणि जावयाला तिथे आधीच नोकरी मिळाली होती. गुन्हा कबूल करतानाही सुरुवातीला त्यांचं म्हणणं होतं की सरकारचं नुकसान आपण होऊ दिलं नाही. काही महिन्यांनी, २००४ मध्ये, त्यांनी मान्य केलं की विमानांची किंमत त्यांना योग्य वाटत होती त्याहून जास्त स्वीकारली गेली, आणि ती बोइंगला दिलेली निरोपाची भेट होती. त्यांना नऊ महिन्यांचा तुरुंगवास झाला. बोइंगचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स यांनाही शिक्षा झाली, आणि २००६ साली कंपनीने ६१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्याकडचे नियम याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत सणा-समारंभाच्या भेटीला जागा आहे, पण ती नातेवाईक आणि ज्यांच्याशी कचेरीचा व्यवहार नाही अशा मित्रांपुरती. साधं जेवण किंवा गाडीतून सोडणं ही भेट समजली जात नाही, मात्र व्यवहारातल्या माणसाकडून वारंवार पाहुणचार घेणं टाळावं असंही तिथेच म्हटलं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे आणि देणाराही गुन्हेगार ठरतो. बोली पाहण्याचं काम चालू असताना बोलीदाराचं नाणं 'सणाचं' राहत नाही.

मग त्या संध्याकाळी त्याने करायचं काय? डबा तिथल्या तिथे परत करायचा आणि फायलीबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. 'अजून पाहतोय साहेब' एवढं ऐकूनही समोरच्याला पुष्कळ कळतं. एवढं अनेकजण करतात. पुढची पायरी मात्र बहुतेकजण गाळतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचल्याबरोबर वरिष्ठांना लेखी कळवायचं: कोण आलं, कधी, काय देऊ केलं, काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. तोंडी सांगून भागत नाही. असाच डबा समितीतल्या आणखी कोणाच्या घरी गेला असेल तर ते दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावरच कळेल. घरच्यांनी त्याच्या पश्चात डबा ठेवून घेतला असेल, तर तो पोच घेऊन परत पाठवायचा आणि पोचेची प्रत त्याच चिठ्ठीला जोडायची.

एक चूक प्रामाणिक माणसाकडूनच होते. राग येऊन तो भेट देऊ करणाऱ्या कंपनीला तक्त्यात जास्त कडक निकष लावतो. इतरांच्या अनुभवाच्या दाखल्यातली त्रुटी स्पष्टीकरण मागण्याजोगी ठरते, हिची अपात्र ठरवण्याजोगी. हासुद्धा पक्षपातच आहे, आणि न्यायालयात निविदा अडकवायला पुरेसा. भेट देऊ करणाऱ्यावर कारवाई करायची की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सचोटीची संहिता आहे. तिचा भंग झाला तर बोलीदाराला बाद करता येतं, पण त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर आणि सक्षम अधिकाऱ्याने. अभियंत्याने पट्टी चारही आलेखांवर सारखीच ठेवायची, ७७ दिसले तर ७७ लिहायचे, आणि खुलासा मागायचा तो रीतसर, पोर्टलवरून, फोनवर कधीच नाही. तक्ता दुसऱ्याकडे सोपवावा असं वरिष्ठांना वाटलं, तर त्यात त्याने कमीपणा मानू नये.

आता प्रश्न राहतो वरिष्ठांचा. "असू दे रे, सणासुदीचं काय एवढं लिहायचं" म्हणून ती चिठ्ठी खणात टाकली, तर पुढच्या वर्षी तो मुलगा काही लिहिणार नाही, आणि कदाचित डबाही परत करणार नाही. ज्यांच्या टेबलावर अशी चिठ्ठी येईल त्यांच्याकडे एकच मागणं आहे: तिच्यावर त्याच दिवशी आवक क्रमांक टाका आणि ती निविदेच्या मूळ फायलीत लावा.