नसरापूरहून लातूरला

आंतरजिल्हा बदलीचा आदेश आला की निरोपाला फारसा वेळ उरत नाही. अर्ज करून माणूस वर्षानुवर्षं वाट पाहतो, आणि मग एका दुपारी पंचायत समितीकडून कार्यमुक्तीचं पत्र हातात पडतं. नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीच्या तळाशी नाव लागणार हे माहीत असतं, तरी लोक जातात. घर तिकडे असतं, म्हातारे आईवडील तिकडे असतात. आमच्या ताईचं असंच झालं. उन्हाळी सुट्टी तोंडावर आली असताना आदेश आला आणि नसरापूरच्या दोन खोल्यांमधला आमचा संसार तिने तीन दिवसांत वेगळा केला.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत बाहेरगावच्या नोकरदारांचं असं बिऱ्हाड जागोजागी दिसतं. वेल्ह्याचं नाव आता कागदोपत्री राजगड तालुका झालं आहे, पण एस.टी.च्या थांब्यावर लोक अजून वेल्हेच म्हणतात. शाळा डोंगरात, वाड्यावस्त्यांवर. तिथे भाड्याची खोली मिळणं कठीण. म्हणून शिक्षक, ग्रामसेवक, नर्स असे सगळे भोरमध्ये किंवा नसरापुरात राहतात आणि रोज वर जातात. ताई लातूर जिल्ह्यातली, मी महाडकडची, वरंधा घाट उतरून पलीकडची. ती मार्गासनी, वेल्हे करत केळदच्या बाजूला जायची, मी कापूरहोळवरून भोरच्या रस्त्याला. आम्हा दोघींना एकत्र आणलं ते घरभाड्याने. पुढे जे झालं त्याचे आभार कसे मानायचे, हा प्रश्न तिचा टेम्पो चेलाडी फाट्याच्या दिशेने निघाल्यावर माझ्यासमोर उभा राहिला.

शाळेतल्या निरोप समारंभात बोलायची भाषा आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’, ‘ऋणानुबंध’, ‘मनमिळाऊ स्वभाव’. केंद्राच्या ग्रुपवर ताईसाठी असे कितीतरी संदेश आले आणि त्यांत मनापासून लिहिलेलेही होते. पण त्यातलं तिचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं असतं, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. समारंभासाठी ते ठीक आहे, तिथे सगळ्यांच्या वतीने बोलायचं असतं. एका छपराखाली राहिलेल्या माणसाला मात्र तेच शब्द पाठवले, तर ते एकत्र राहणं पुसल्यासारखं होतं. म्हणून मी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर वाक्य काढायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळंच काढावं लागलं.

उरलं ते छोटं होतं. माझ्या टायफॉइडमध्ये तिने केलेली पेज. माझा रजेचा अर्ज घेऊन ती, स्वतःची शाळा उलट्या दिशेला असताना, आधी माझ्या मुख्याध्यापकांकडे गेली होती ते. आणि एका दिवाळीत मी गावी गेले नाही तेव्हा तिने कारण विचारलं नाही ते. या शेवटच्या गोष्टीवर मी बराच वेळ थांबले. सोबत राहणाऱ्या माणसाचे सगळ्यात मोठे उपकार पुष्कळदा न केलेल्या गोष्टींचे असतात: न विचारलेला प्रश्न, घरमालकिणीला न सांगितलेली गोष्ट. त्यांचा उल्लेख राहून जातो, कारण दाखवता येईल असं काही घडलेलंच नसतं. ते लिहून सांगितलं नाही, तर आपल्या लक्षात आलं होतं हे त्या माणसाला कधीच कळत नाही.

हिशोब मी या संदेशात येऊ दिला नाही. अनामत रकमेतला तिचा वाटा, शेवटचं वीजबिल, गॅसचं कनेक्शन हे सगळं ती असतानाच समोर बसून मिटवलं. कनेक्शन तिच्या नावावर होतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, ते तिकडच्या एजन्सीत दाखवायचं. शेगडी तिची, म्हणून ती टेम्पोत गेली. पैशाची एखादी ओळ जरी आभारांच्या मजकुरात शिरली, तरी वाचणारा आधी ती ओळ वाचतो आणि मग वरचं कौतुक त्या ओळीसाठीच होतं की काय असं त्याला वाटू शकतं. तसंच माझ्या एकटेपणाचं. खोली ओकीबोकी झाली होती हे खरं, पण ती घरी परतत होती. आनंदाने जाणाऱ्याच्या गळ्यात आपलं दुःख बांधून पाठवायचं नाही, इतकं तरी आपल्या हातात असतं.

सगळ्यात अवघड होता तो ‘संपर्कात राहू’ हा भाग. इथे मला माझ्या पहिल्या शाळेतल्या एका आजींची आठवण झाली. ती शाळा हिरडस मावळात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. धरणात जमिनी गेल्या तशी आजींच्या आळीतली काही घरं खाली लाभक्षेत्रात जमीन घेऊन गेली. भिंतीला भिंत लागून असलेली माणसं दुसऱ्या तालुक्यात जाऊन राहिली. आजींकडे फोन नव्हता आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. तरी त्या शेजारणींच्या नातवंडांची नावं त्यांना ठाऊक होती. मी विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, “जत्रेला येत्यात की. न्हाई आल्या तर कुणी ना कुणी सांगावा घेऊन येतं.” कुणाला भेटायचं म्हणून वेगळं कुणी उठून निघत नव्हतं. वर्षातला एक दिवस आधीच ठरलेला होता आणि ओळख त्या दिवसाच्या आधाराने टिकली होती.

आमच्या ओळखीतल्या बदलून गेलेल्या मॅडम आठवल्या तर उलटं चित्र दिसतं. ‘रोज फोन करीन’ म्हणून गेलेल्यांचे फोन श्रावणापर्यंत येतात. मग एक चुकतो, चुकल्याची लाज वाटते, लाजेने पुढचाही राहतो. संबंध तुटतो तो प्रेम आटल्याने क्वचितच; झेपणार नाही एवढा शब्द दिल्याने तुटतो. म्हणून मी ठरवलं, वचन लहान द्यायचं आणि दोघींच्या वर्षात जे असतंच त्याला ते बांधायचं. ते शोधायला लांब जावं लागलं नाही. ताई घरून ज्वारी आणायची आणि मी, जन्मभर भात खाल्लेली, तिच्याकडून भाकरी थापायला शिकले. तिला इथल्या इंद्रायणीची गोडी लागली होती. भात इकडे दिवाळीच्या आगेमागे कापतात, ज्वारी तिकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघते. वर्षाच्या दोन टोकांना दोन निमित्तं तयारच होती.

संदेश कधी पाठवायचा, हेही मी थोडं थांबून ठरवलं. सामान हलवायच्या दिवशी टेम्पोवाला, घरमालकीण, माहेर यांच्या फोनांत कुणी काही नीट वाचत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकी उघडून होतात, शाळेत हजर झाल्याची सही होते आणि मागचं आठवायला सवड मिळते. कागदावर लिहावं असं फार वाटलं होतं. पण पत्राला पत्रानेच उत्तर द्यावं लागतं आणि तो भार मला तिच्यावर टाकायचा नव्हता. फोनवरच्या मजकुराला एका ओळीतही उत्तर देता येतं, आणि मला ती पहिली ओळच हवी होती. म्हणून वहीत लिहून, खोडून, मग फोनवर उतरवून हे पाठवलं:

“ताई, पोहोचलीस, हजर झालीस, हे कळलं. आई आता तुझ्या हातचं जेवत असतील.

समारंभात बोलले नाही ते सांगते. मला टायफॉइड झाला तेव्हा तू आधी माझ्या शाळेत अर्ज देऊन मग वेल्ह्याकडे गेलीस. त्या दिवशी तुला किती उशीर झाला ते तू सांगितलं नाहीस, मला नंतर तुझ्या शाळेतल्या बाईंकडून कळलं. त्या आठवड्यातली पेज मी विसरणार नाही.

ज्या दिवाळीत मी घरी गेले नाही, तेव्हा तू काही विचारलं नाहीस, आणि दोन दिवस उशिरा निघालीस. गाडीचं आरक्षण मिळालं नाही म्हणालीस. आरक्षण तुझ्याकडे होतं, ते मी टेबलावर पाहिलं होतं. तेव्हा बोलले असते तर रडले असते, म्हणून आज आभार मानते.

भाकरी अजून कडेला फाटते, पण फुगते.

रोज फोन करीन असं म्हणत नाही. नवा इंद्रायणी आला की दहा किलो तुझ्या नावाने लातूरच्या गाडीत टाकीन आणि गाडीचा नंबर कळवीन. तुझ्याकडे ज्वारी निघाली की तू कळव. मधे कितीही दिवस गेले तरी जिला आधी आठवेल तिने बोलावं, आणि इतके दिवस का नाही, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. तुझा पत्ता पिनकोडसकट पाठव.”

शेवटून दुसरं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा लिहून पाहिलं. खंड पडणार हे आधीच मान्य केलं, तर खंड पडल्यावर परत येण्याची वाट मोकळी राहते, असं माझं मत आहे. त्याच्याआधी ‘लातूरला नक्की येईन’ असंही एक वाक्य होतं. ते मी काढलं. मला जायचं आहे, पण कधी जमेल ते मला माहीत नाही, आणि तिने मे महिन्यात वाट पाहत बसावं असं मला नको होतं.

उत्तर त्याच रात्री आलं: पत्ता, पिनकोड, आणि “आरक्षण पाहिलंस हे मला माहीत होतं.”

पहिल्या वर्षी तांदूळ वेळेवर गेला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नाहीतर भाताचा गोळा होतो, हे सांगायचं राहिलं होतं; त्यावर दोन दिवस आमचं बोलणं चाललं. उन्हाळ्यात ज्वारी आली, कडेला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी खोचलेली. दुसऱ्या वर्षी मात्र नोव्हेंबर हुकला. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, आम्हा दोघींनाही निवडणुकीचं काम लागलं होतं. प्रशिक्षण, साहित्य, केंद्र, मग शाळेतलं मागे पडलेलं. डिसेंबरात पोतं शिवलं, गाडीत टाकलं आणि नंबर कळवला. का उशीर झाला ते मी लिहिलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने एवढंच लिहिलं, की या खेपेला तिच्या नव्या शेजारणीसाठीही दोन किलो हवा होता, तेव्हा पुढच्या वर्षी बारा पाठव.