विरजण

ये, इथे ओट्यापाशी उभा राहा. बॅगेचं वजन नंतर बघू.

गॅस बंद केलाय. अर्धा लिटर दूध आहे. सायीच्या कडेनं वाफ वर येतेय. बघ नुसतं.

वाफ हळूहळू विरळ होते. होऊ दे.

आता करंगळी बुडव. चटका बसला? मग अजून थांबू. एवढ्या कढत दुधात विरजण मरतं, सकाळी दूध तसंच्या तसं राहतं.

श्वास घे. तापलेल्या दुधाचा वास. या स्वयंपाकघराचा वास. सावकाश घे.

पुन्हा बोट घाल. मनात दहा मोज. सोसतंय ना? एवढं कोमट हवं.

एक चमचा दही घाल. सगळीकडे लागेल असं ढवळ. चमच्याचा आवाज ऐक. चमचा थांबला की शांतता ऐक.

झाकण ठेव.

आता हलवायचं नाही. सारखं उघडून, हलवून बघितलं की दही मोडतं, पाणी सुटतं. मला हे जमत नाही, बाळा. आज तुझ्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा आलो आणि परत फिरलो.

तळहात पातेल्याला लाव. ऊब लागतेय? तसाच राहा. मीही इथेच आहे.

हे विरजण आखेनला नेता येणार नाही. दुधादह्याचे पदार्थ बाहेरून तिकडे नेऊ देत नाहीत. तिथल्या दुकानातून साधं, बिनसाखरेचं योगर्ट आण. त्यातलं चमचाभर घे. चव वेगळी येईल. येऊ दे.

डिसेंबरात ते एका रात्रीत लागणार नाही. पातेलं टॉवेलात गुंडाळून ओव्हनमध्ये ठेव. ओव्हन तापवायचा नाही, आतला दिवा फक्त चालू ठेवायचा. तेवढी ऊब पुरते.

तो दिवा डोळ्यांपुढे आण. छोटा, पिवळा. बाहेर थंडी. आत काही तरी लागतंय, आवाज न करता.

तू नऊला विरजण लावशील तेव्हा इथे साडेबारा झालेले असतील. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की दीड. फोन केलाच पाहिजे असं नाही.

आता जाऊन झोप. दिवा मी घालवतो.

सकाळ झाली. ये.

पातेलं जरासं तिरपं कर. हलत नाही. वर सायीचा पातळ पापुद्रा, त्यावर झाकणातून पडलेला पाण्याचा एक थेंब. बघ.

उजवा हात पुढे कर. दही. वर चिमूटभर साखर. गार लागतं? साखर विरघळेपर्यंत थांब.

खा.

येतो म्हण.

गाडी वळते. मी आत येतो. उरलेल्या दह्यातलं चमचाभर वाटीत काढून ठेवतो, आज रात्रीच्या विरजणाला.

दूध पाव लिटर पुरेल.