चार किलो तांदूळ

२०१९ सालची, नागपंचमीच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडं टोमॅटो तोडणीला आला होता आणि पाऊस उघडीप द्यायला तयार नव्हता. झाडावर ठेवला तर तडकतो, तोडून घरात ठेवला तर सडतो. पुतण्या म्हणाला, "तात्या, निघंल तेवढा भरू आणि कोल्हापूरला टाकून येऊ." पस्तीस क्रेट भरले, टेम्पोवर ताडपत्री ओढली आणि दुपारी निघालो. कराड सोडल्यावर ट्रक उभे दिसायला लागले. नेर्लं ओलांडून पेठ नाक्याच्या दिशेनं सरकेपर्यंत अंधार पडला. पुढं पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं, पुढं जायला वाट नाही आणि मागं वळायला जागा नाही. रस्त्याच्या कडेला एक ढाबा होता. वीज गेलेली, आत दोन मेणबत्त्या आणि एक गॅसची शेगडी जळत होती. आम्ही आत शिरलो.

ढाब्यावर आचारी एकटाच होता. पन्नाशी ओलांडलेला, सोलापूरकडचा, सगळे त्याला मामा म्हणत होते. मालक इस्लामपूरला आणि फोन लागत नव्हता. रोट्या लावणारं पोरगं पाऊस बघून दुपारीच गावी गेलेलं. एक भांडी घासणारा मुलगा तेवढा सोबतीला. माणसं मात्र वाढतच होती. एक एस.टी., दोन खासगी बस, बाकी ट्रकवाले आणि मोटारीवाले.

सहा किलो पीठ होतं, ते पहिल्या तासाभरातच संपलं. पहिल्या आलेल्यांनी नेहमीसारखी ऑर्डर दिली, त्यानं नेहमीसारख्या रोट्या दिल्या. ही रात्र वेगळी आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो दाराशी गेला आणि टॉर्च मारून डोकी मोजून आला. सव्वाशेच्या वर होती. मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागं लिहायला बसला. मी शेजारीच होतो म्हणून बघितलं. तांदूळ १४ किलो. तूरडाळ ५ किलो. दूध ६ पिशव्या. गॅस, अर्धा सिलिंडर.

मला म्हणाला, "पाव्हणं, आता खिचडीच. चपाती एकेकाला एकेक लाटावी लागती आणि तवा सारखा पेटता ठेवावा लागतो. पातेलं एकदा चढवलं की चाळीस माणसं जेवत्यात."

त्याचा हिशेब असा होता. तांदूळ-डाळ मिळून एका मोठ्या माणसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम कोरडा माल लागतो. तेवढ्यात पोट तुडुंब भरत नाही, पण झोप लागते. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ. पाणी मालाच्या चौपटीनं, म्हणजे खिचडी पळीवरून ओघळली पाहिजे. मी म्हणलं, एकदमच सगळी शिजवून टाका, गॅस वाचंल. तो म्हणाला, एवढ्या दमट हवेत शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की आतल्या आत गरम राहतो आणि पहाटेपर्यंत आंबतो. वास येईपर्यंत कळत नाही. आणि मग दीडशे माणसांची पोटं बिघडली तर एवढ्या पावसात त्यांना न्यायचं कुठं? म्हणून त्यानं तीन घाण्यांत शिजवली. आधी डाळ एकटी, कारण बोअरच्या जड पाण्यात ती लवकर शिजत नाही. दाणा बोटात चिरडला की मग भिजवलेला तांदूळ. घट्ट व्हायला लागली की उकळतं पाणीच घालायचा, गार नाही. दुसऱ्या घाण्याला बुडाला लागल्याचा वास आला तेव्हा मुलगा पळी घेऊन धावला. मामानं त्याचा हात धरला. "हलवू नको, सगळ्यात वास बसंल." वरचं सगळं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढलं आणि तळाची खरवड तशीच ठेवली.

पाण्याचं पण त्यानं ठरवून टाकलं होतं. वीज नाही म्हणजे मोटर नाही. टाकीतलं पाणी फक्त पिण्याला आणि पातेल्याला. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी भांड्यांना.

भाजी म्हणून काही नव्हतं. त्यानं मला विचारलं, "तुमच्या गाडीत टमाटं हायेत ना?" मी म्हणलं, "हायेत. दोन क्रेट घ्या. लिहून ठेवा." हे वाक्य मी किती सहज बोललो ते पुढं सांगतो.

पैशाचं त्यानं असं केलं की गल्ल्यावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि जमेल तेवढं टाका म्हणाला. मोटारीतले एक गृहस्थ हजार रुपये काढून म्हणाले, आमच्या घरच्या पाच माणसांना तेवढं वेगळं काहीतरी करून द्या. मामा म्हणाला, "पैसं डब्यात टाका साहेब, ताट रांगेत मिळंल." त्यांनी पैसे परत खिशात घातले, पण रांगेत मात्र आले. दूध पोरांनाच दिलं, बाकीच्यांना कोरा चहा. एक म्हातारी शुगरची गोळी घेऊन बसलेली, तिला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. मामानं आधी तिला साखरेचं पाणी पाजलं आणि मग रांग सोडून पहिलं ताट तिच्या हातात दिलं. मागं चारदोन जण कुरकुरले. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

दीड वाजेपर्यंत सगळे जेवले. बाकांवर, टेबलांवर, टेबलांखाली माणसं आडवी झाली. मला झोप नव्हती. मी मामाला विचारलं, "हे सगळं मालकाचं हाय. त्याला काय सांगणार?" तो म्हणाला, "लिहिलंय की सगळं. पगारातनं कापा म्हणीन." मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या कोठारातनं दान करणारे मी पुष्कळ बघितलेत. पण त्याची भरपाई स्वतःच्या पगारातनं करायला तयार असलेला माणूस पहिल्यांदा बघत होतो.

तीनच्या सुमाराला तिघं ड्रायव्हर आले. त्यांचे ट्रक रांगेच्या अगदी शेवटाला होते, तिथनं भिजत चालत आलेले. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती. एकानं पोटावर हात ठेवून दाखवला. मामानं रिकामं पातेलं वाकडं करून दाखवलं. "खतम." मग ती खरवड काढली, थोडं गरम पाणी शिंपडून वाफवली, तिघांत वाटून दिली आणि कोरा चहा दिला. त्यांनी काही न बोलता खाल्लं, हात जोडले आणि परत पावसात गेले.

थोड्या वेळानं मी पाय पसरायला म्हणून मामाच्या स्टुलाजवळचं गोणपाट ओढलं. खाली पोतं होतं. हात लावला तर तांदूळ.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचो. तिथं सुकडी वाटायचे. आमची पाळी आली की वाटणारा कधीकधी घमेल्यावर फडकं टाकून "संपली" म्हणायचा, आणि फडक्याखाली फुगवटा दिसत असायचा. ती सुकडी कुणाच्या घरी जायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

मी म्हणलं, "मामा, खोटं बोलला तुम्ही. पोत्यात माल हाय आणि उपाशी माणसाला खरवड घातली."

तो ओशाळला नाही. पान काढून दाखवलं. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'तांदूळ ४ किलो शिल्लक, सकाळी पोरं'. म्हणाला, "तेवीस पोरं हायेत, मोजलीत मी. सहाला उठतील. दूध संपलं. रस्ता कधी सुटंल कुणाला ठावं?"

"तिघांना किती लागलं असतं? तीनशे-साडेतीनशे ग्रॅम."

"त्या तिघांला तेवढंच. पण पातेलं परत चढलं की झोपलेली उठत्यात, पाव्हणं. जेवलेली पण परत रांगंला येत्यात. मग कुणाला न्हाई म्हणू?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. तो घमेलेवाला आणि हा मामा, दोघांचा शब्द एकच, दोघांचं फडकं पण एकच. समोर उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नाही. फरक असलाच तर तो उद्या सकाळी त्या तांदळाचं काय होतं त्यात आहे, आणि भूक आजची असते. मामानं न दिसणाऱ्या सकाळसाठी दिसणाऱ्या माणसाला परत पाठवलं. आम्ही शेतकरी हेच करतो म्हणा. घरात दाणा कमी असला तरी बियाण्याच्या मडक्याला कुणी हात लावत नाही. पण बियाणं राखताना आपण आपल्याच पोटाला चिमटा घेतो. इथं तो चिमटा त्या तिघांना बसला आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना खुणेनं का होईना, 'हे पोरांसाठी आहे' असं सांगता आलं नसतं का? कदाचित तेच म्हणाले असते, राहू दे. त्यांना ती संधी मिळाली नाही, हे मला जास्त लागलं. उलट मामाचं म्हणणं असं की खरं सांगितलं असतं तर नाही म्हणण्याचा भार त्या उपाशी माणसांवर टाकल्यासारखं झालं असतं. यावर मी अजून विचार करतो.

सकाळी त्यानं त्या तांदळाचा मऊ भात केला. तेवीस पोरं, ती म्हातारी आणि आणखी चार-पाच वयस्क माणसं जेवली. त्यानं स्वतः खाल्ला नाही, रात्रीही खाल्ल्याचं मला आठवत नाही. आणि दहाच्या सुमाराला जवळच्या वाडीवरनं माणसं डोक्यावर पाट्या घेऊन आली. भाकरी, पिठलं, चटणी, सगळ्यांना पुरून उरेल एवढं. म्हणजे तो तांदूळ रात्री दिला असता तरी चाललं असतं. मी मामाकडं बघितलं. तो भाकऱ्या मोजत होता.

दुपारी मालक शेताच्या बांधाबांधानं आला. पान वाचलं, डबा मोजला. तांदळाबद्दल काही बोलला नाही, गॅस संपवला म्हणून मात्र चिडला. आता चार दिवस सिलिंडर येणार नाही, आज संध्याकाळी या लोकांना चहा कशावर करायचा, म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. रस्ता खरंच बरेच दिवस बंद राहिला.

आम्ही मागं वळायला वाट मिळाली तेव्हा निघालो. टेम्पोत पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तात्या, मामाला पोत्यावरनं बोललात. आपल्या ताडपत्रीखाली तेहतीस क्रेट होते. आणि जे दोन दिले ते लिहून ठेवायला सांगितलं."

ते तेहतीस क्रेट घरी पोचेपर्यंत पाणी सोडायला लागले होते. उकिरड्यावर ओतले.

दिवाळीनंतर त्या रस्त्यानं जाताना ढाब्यावर थांबलो. मामा काम सोडून गेला होता, कुठं ते मालकाला माहीत नव्हतं. मला ओळखून त्यानं गल्ल्यातनं ते कॅलेंडरचं पान काढलं. 'टमाटे २ क्रेट, बाकी' असं मामाच्या अक्षरात होतं. मालकानं त्या दिवसाचा भाव विचारला आणि पैसे मोजून माझ्यापुढं ठेवले. मी ते घेतले.