कार्पेटच्या पोटातलं पाणी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की शनिवारी मशीन भाड्यानं आणून हॉलचं कार्पेट शॅम्पूनं धुणार आहेस. न्यू जर्सीतला दमट जुलै आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेलं कार्पेट, म्हणून फोनची वाट न बघता लिहायला बसले.

आपल्याकडे फरशी धुताना बादलीभर पाणी ओतलं तरी ते मोरीकडे वाहून जातं. कार्पेटवरच्या पाण्याला अशी वाट नसते, ते खाली मुरतं. वरच्या धाग्यांखाली कार्पेटची विणलेली पाठ असते, तिच्याखाली फोमचं पॅड आणि मग लाकडी फळ्या. पॅड म्हणजे स्पंजच. मशीन ओढून घेतं ते धाग्यांमधलं पाणी. पॅडमध्ये उतरलेलं त्याच्या हाती फारसं लागत नाही.

आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये चहा सांडला होता. मी तांब्याभर साबणाचं पाणी ओतून खसाखसा घासलं. संध्याकाळी डाग दिसेना, मी खूश. सकाळी बघते तर डाग परत आलेला, आधीपेक्षा मोठा, कडेला तपकिरी वळं. कार्पेट वाळतं ते धाग्यांच्या टोकांकडून. वातीत तेल चढावं तसं खालचं पाणी धाग्यातून वर येतं आणि तळाचा चहा, मळ सगळं टोकाशी आणून ठेवतं. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला. कोपरा उचलून पाहिला, तर पॅड पिळण्याइतकं ओलं आणि कार्पेट ज्या खिळ्यांच्या पट्टीवर ताणलेलं असतं ती गंजायला लागलेली.

तेव्हा शनिवारी सकाळी आधी कोरडा व्हॅक्यूम फिरव, अगदी सावकाश, एकदा उभा आणि एकदा आडवा. कार्पेटमधला बहुतेक मळ ही सुकी धूळ असते. ती आत राहिली की पाण्यानं तिचा चिखल होतो, मग तो काढायला आणखी पाणी लागतं. कपाटामागच्या कोपऱ्यात शॅम्पूचं पाणी लावून पांढऱ्या फडक्यानं दाबून बघ, रंग सुटतोय का. शॅम्पू बाटलीवर लिहिलाय त्याहून थेंबभरही जास्त घालू नकोस. उरलेला साबण चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात कार्पेट पुन्हा काळवंडतं.

मशीन मागे ओढताना बटण दाबून पाणी एकदाच सोडायचं. मग बटण सोडून त्याच पट्ट्यावरून नुसतं ओढत दोनतीनदा यायचं. पुढच्या पारदर्शक तोंडातून पाणी धावताना दिसतं. ते दिसेनासं झालं की पुढचा पट्टा घ्यायचा. एवढ्यानं कार्पेट हवं तेवढं उजळलं नाही तर हात शिवशिवतात, पण त्याच दिवशी तिथे दुसऱ्यांदा पाणी सोडू नकोस. पूर्ण वाळू दे, पुढच्या आठवड्यात परत कर. सोफ्यासमोरच्या आमटीच्या डागाला तर पाणी नकोच. वाडग्यात शॅम्पू घुसळून नुसता फेस स्पंजावर घे, कडेकडून मध्याकडे टिपत जा.

तुझा हॉल बारा बाय चौदाचा. त्याचे चार भाग कर आणि एकेका भागानंतर दोन्ही टाक्या बघ. स्वच्छ टाकीतलं चार लिटर गेलं आणि मळक्या टाकीत तीनेक लिटर परत आलं, तर ठीक चाललंय. दोनच आलं तर उरलेलं कार्पेटच्या पोटात आहे असं समज. तिथेच थांब आणि त्या भागावरून कोरडं ओढत राहा. पांढरा पेपर टॉवेल चौपदरी करून कार्पेटवर ठेव आणि त्यावर टाचेनं उभी राहा. कागद दमट लागला तर चालेल, पण चारही पदर भिजले तर अजून ओढायला हवं.

वाळवताना खिडक्या उघडाव्याशा वाटतील. जुलैत नको, बाहेरची हवाच ओली असते. एसी चालू ठेव आणि टेबलफॅन जमिनीवर ठेवून वारा कार्पेटवरून आडवा जाऊ दे. सकाळी धुतलंस तर संध्याकाळपर्यंत हाताला कोरडं लागायला हवं. ओल एकदोन दिवस राहिली की बुरशी धरते. म्हणून रविवारी दुपारी धाग्यांत बोटं खुपसून मुळाशी बघ. तिथे गार ओलं लागलं किंवा वास आला, तर वाट न बघता पाणी ओढणाऱ्या व्यावसायिकाला बोलाव. मी तेव्हा आठ दिवस थांबले आणि अख्खं पॅड बदलावं लागलं.

सोफा जागेवर न्यायची घाई करू नकोस. नेलासच तर चारही पायांखाली अॅल्युमिनियम फॉइलचे तुकडे घाल, नाहीतर लाकडाचा रंग ओल्या धाग्यात उतरतो आणि तो डाग निघत नाही.

रविवारी रात्री फोन कर, मुळाशी बोट लावून काय लागलं ते सांग.

तुझी,
मावशी